कॉन्जुगेट मॅचिंग: थिअरीच्या कमालपेक्षा अडीचपट पॉवर मिळतेय, हे कसं?

ऋचा_इंदूर
नमस्कार मंडळी. सेकंड इयर इलेक्ट्रिकल, इंदूर. मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफरचा प्रयोग चालू आहे आणि आकडे काही केल्या जुळत नाहीत, म्हणून धागा काढतेय.

सर्किट असं: फंक्शन जनरेटर (आउटपुट ५० ओहम), त्याच्या पुढे २.२ मिलीहेन्रीची कॉइल. हे दोन्ही मिळून आमचा 'सोर्स'. फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ, म्हणजे कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स साधारण १३८ ओहम. लोडमध्ये रेझिस्टन्स बॉक्स आणि सिरीजमध्ये कपॅसिटर. कॉन्जुगेटसाठी उणे १३८ हवा म्हणून ०.१ आणि ०.०१५ मायक्रोफॅरड पॅरलल लावले.

जनरेटरच्या स्क्रीनवर 5.000 Vpp आहे. म्हणजे पीक २.५ व्होल्ट. रेझिस्टन्स ५० धरून जास्तीत जास्त पॉवर पीकचा वर्ग भागिले ८R, म्हणजे १५.६ मिलीवॉट यायला हवी. मला ५० ओहमवर ३८ मिळते! शिवाय पीक ५० वर नाहीच. ८० ला ४० च्या जवळ जाते, १०० ला ३९. डोंगर हवा होता, इथे पठार आहे. सर म्हणाले रीडिंग परत घे. परत घेतलं, तेच आलं. कुठे घोळ असेल?

पोहेजिलेबी
थिअरीपेक्षा अडीचपट? भिया, कुणाला सांगू नकोस, आधी पेटंट घे. मग छप्पन दुकानचे सगळे बल्ब तुझ्या जनरेटरवर.

वीजमंडळी
बेटा, मी ३० वर्षं सबस्टेशनमध्ये काढली. कॉन्जुगेट वगैरे पुस्तकी नावं आहेत. आम्ही कपॅसिटर बँक लावून पॉवर फॅक्टर एकच्या जवळ नेतो, तेच हे. तुझ्या लोडला कपॅसिटर लावला, रिअ‍ॅक्टन्स गेला, काम झालं. आकडे जुळत नसतील तर मीटर खराब असेल.

लष्करकर
ग्वाल्हेरहून रामराम. मी लॅबमध्येच नोकरीला आहे, त्यामुळे पहिला प्रश्न माझा नेहमीचाच: वायरिंगचा क्रम काय? रेझिस्टन्स बॉक्स जमिनीच्या बाजूला आहे की मध्ये?

विचारायचं कारण असं, की स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आणि जनरेटरच्या बीएनसीचं बाहेरचं कवच, दोन्ही बहुधा मेनच्या अर्थिंगमधून आतल्या आत जोडलेली असतात. कॉइल, मग रेझिस्टन्स, मग कपॅसिटर, मग ग्राउंड असं लावून पोरं क्लिप रेझिस्टन्स आणि कपॅसिटरच्या मध्ये अडकवतात, आणि कपॅसिटर तिथल्या तिथे शॉर्ट होतो. स्कोपवर वेव्हफॉर्म छान दिसतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. क्रम कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टन्स, ग्राउंड असाच ठेव.

ऋचा_इंदूर
@लष्करकर दादा, क्रम तुम्ही सांगताय तसाच आहे, रेझिस्टन्स बॉक्स शेवटी. प्रोब त्याच्यावरच. ८० ओहमवर ५.०३ Vpp येतात.

@वीजमंडळी काका, मीटर नाही, डीएसओ आहे. आणि दुसऱ्या बेंचवरच्या डीएसओवरही तेच येतं.

तारयंत्र
ऋचा, तुझ्या शेवटच्या आकड्यात अर्ध उत्तर आहे. स्क्रीन म्हणते सोर्स ५ व्होल्ट, आणि तुझ्या एकट्या रेझिस्टन्सवर ५.०३ दिसतात. मग जनरेटरच्या आतल्या ५० ओहमवर काय पडतं? मॅच झाल्यावर अर्धा व्होल्टेज आतच राहायला हवा.

जनरेटर मोकळा सोड, काही जोडू नकोस, आणि स्कोप लावून बघ. माझा अंदाज १० Vpp.

ऋचा_इंदूर
हो!! मोकळा सोडला तर १०.० दिसतात. स्क्रीनवर मात्र ५.

तारयंत्र
बहुतेक फंक्शन जनरेटर 'समोर ५० ओहमचा लोड आहे' असं गृहीत धरून आकडा दाखवतात. म्हणजे तू ५ मागितलेस की तो आत १० तयार करतो, अर्धे स्वतःच्या ५० ओहमवर खर्ची पडतील या हिशोबाने. मेनूमध्ये आउटपुट लोडची सेटिंग असते, ती High Z केलीस की स्क्रीन आणि मोकळा व्होल्टेज जुळतील.

थेव्हेनिनमध्ये जो व्होल्टेज घालायचा तो मोकळा मोजलेला, १० Vpp. पीक ५, आरएमएस ३.५४. आता ५० ओहम धरून कमाल पॉवर ६२.५ मिलीवॉट येते. म्हणजे तुला अडीचपट जास्त नव्हे, चांगली तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळतेय. पेटंट रद्द.

पोहेजिलेबी
छप्पन दुकान परत अंधारात.

ऋचा_इंदूर
म्हणजे आता उलटा प्रश्न. ६२.५ यायला हवी, ४० का येते? आणि पीक ८० ला का?

गणिती_मावशी
वडोदऱ्याहून. मी गणित शिकवते, सर्किटमधलं फार कळत नाही, पण तुझं 'पठार' मला आवडलं म्हणून लिहिते. सोर्सचे Rs आणि Xs, लोडचे R आणि X, आणि V आरएमएस धरला तर लोडची पॉवर अशी:

```
P = V² R / ( (Rs + R)² + (Xs + X)² )
```

यात X फक्त खाली आहे आणि तोही वर्गात. म्हणून R काहीही असो, X ने Xs ला पूर्ण खाऊन टाकणं हेच सर्वांत चांगलं. हा निर्णय R च्या आधीच होऊन जातो.

उरलं R/(Rs+R)². वरखाली R ने भागलं तर खाली Rs²/R + 2Rs + R येतं. मधलं पद स्थिर. Rs²/R आणि R यांचा गुणाकार नेहमी Rs², आणि गुणाकार ठरलेला असला की बेरीज सर्वांत लहान दोघं समान असताना. म्हणून R = Rs. डेरिव्हेटिव्ह काढायचीही गरज नाही.

आता पठार. R दुप्पट केलास तर ती दोन पदं Rs/2 आणि 2Rs होतात. एकूण 4Rs च्या जागी 4.5Rs. म्हणजे रेझिस्टन्स दुपटीने चुकला तरी पॉवर जाते जेमतेम ११ टक्के. निम्मा केलास तरी तेवढीच. तुझं रीडिंग ८० ला ४० आणि १०० ला ३९ येणं अगदी बरोबर आहे, हा डोंगर मुळातच बसका आहे.

आणि कपॅसिटर नसेल, फक्त R बदलता येत असेल तर? तीच युक्ती. खाली (Rs²+Xs²)/R + 2Rs + R. समान करायचे, म्हणजे R = सोर्स इम्पिडन्सचं मॅग्निट्यूड. पुस्तकात हा वेगळा नियम म्हणून देतात, आहे तोच.

सुरेल_सतीश
चांगला धागा. माझाही प्रश्न घ्या. घरी अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकर ८ ओहमचे. स्पीकरमध्ये कॉइल असते म्हणजे इंडक्टन्स आलाच. तर योग्य कपॅसिटर लावून कॉन्जुगेट मॅच केला तर आवाज वाढेल का? महाराणी रोडवर कपॅसिटर मिळतात, कितीचा आणू?

टेरेस_अँटेना
@सतीश, आणू नका. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स ८ ओहम नसतो, ओहमच्या छोट्या अंशात असतो. '८ ओहम' म्हणजे तो ८ ओहमचा स्पीकर चालवू शकतो, एवढंच. त्याला 'मॅच' करायला गेलात तर ०.१ ओहमचा स्पीकर लावावा लागेल, आणि त्या आधीच प्रोटेक्शन ट्रिप होईल. शिवाय कपॅसिटर एकाच फ्रिक्वेन्सीला रिअ‍ॅक्टन्स मारतो, तुम्हाला तर तबला आणि बासरी दोन्ही ऐकायचेत.

सुरेल_सतीश
पण मॅचिंग केल्याने कमाल पॉवर मिळते असं वरच सिद्ध केलंय ना?

तारयंत्र
सतीशराव, ते सिद्ध होतं सोर्स ठरलेला असताना. सोर्स आहे तो आहे, आता लोड कोणता लावू? तेव्हा उत्तर कॉन्जुगेट. लोड ठरलेला असेल आणि सोर्स निवडायची मुभा असेल तर उत्तर एकदम वेगळं: सोर्सचा रेझिस्टन्स जितका कमी तितका चांगला. वरच्याच सूत्रात R धरून ठेवा आणि Rs कमी करत न्या, पॉवर वाढतच जाते. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याने तेच केलंय.

ऋचा, आता तुझं. मोजायला सोपी गोष्ट आधी. कॉइल काढ, जनरेटर बंद, मल्टिमीटर ओहमवर, कॉइलचे दोन पाय.

ऋचा_इंदूर
२२ ओहम दाखवतो. इतकी? ती तर इंडक्टर आहे!

तारयंत्र
बारीक तारेची, छोट्या ड्रम कोअरवर गुंडाळलेली असेल. २.२ मिलीहेन्रीला भरपूर वेढे लागतात, मग २२ ओहम नवल नाही.

आता बघ, तू 'सोर्स' म्हणताना रेष कुठे आखलीस? कॉइलनंतर. मग कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स सोर्समध्ये घेतलास, तसा तिचा तांब्याचा रेझिस्टन्सही सोर्समध्येच आला. Rs ५० नाही, ७२. कमाल पॉवर ३.५४ चा वर्ग भागिले ४ गुणिले ७२, म्हणजे ४३.४ मिलीवॉट, आणि तीही ७२ ओहमवर.

तुझे ८० आणि ४० याच्या बरेच जवळ आहेत. पूर्ण नाहीत, ते पुढे बघू.

वीजमंडळी
मूळ मुद्दा सगळे विसरलात. मॅच केल्यावर निम्मी पॉवर सोर्समध्येच जळते, मग याचा उपयोग काय? आमच्या लाइनवर निम्मी वीज जळाली तर लोक घरी येऊन मारतील. म्हणून म्हणतो, मॅचिंग म्हणजे पॉवर फॅक्टर, बाकी सगळं पुस्तकातच बरं.

तारयंत्र
काका, पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. मॅचला एफिशियन्सी ५० टक्के, त्यात सूट नाही. पण 'मॅचिंग म्हणजे पॉवर फॅक्टर' हे मान्य नाही. कपॅसिटर बँक लोडचा स्वतःचा रिअ‍ॅक्टन्स लोडपाशीच भागवते, म्हणजे लाइनमधला करंट कमी होतो. कॉन्जुगेटमध्ये लोड मुद्दाम रिअ‍ॅक्टिव्ह ठेवतात, सोर्सच्या उलट्या चिन्हाचा. ऋचाच्या लोडचा पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या आसपास आहे, आणि तरी पॉवर कमाल आहे.

तुमच्याच खात्यातलं उदाहरण घ्या. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ५ टक्के, त्यातला रेझिस्टन्स समजा १ टक्का. शॉर्ट झाला तर करंट फुल लोडच्या २० पट. सिरीज कपॅसिटर लावून खरोखर कॉन्जुगेट मॅच केला तर रिअ‍ॅक्टन्स नाहीसा होतो, उरतात १ आणि १ टक्का, करंट ५० पट. शॉर्टपेक्षा जास्त! फ्यूज काही विचार करायला थांबणार नाही.

वीजमंडळी
५० पट मी पाहिलेला नाही. पाहायचाही नाही. पण मग मॅचिंग करतं कोण, ते सांगा.

टेरेस_अँटेना
आम्ही करतो काका. हॅम रेडिओ. माझ्या गच्चीवर ४० मीटर बँडसाठी पूर्ण लांबीची तार मावत नाही, शेजाऱ्यांच्या पतंगांना अडते. म्हणून आखूड तार. अ‍ॅनालायझरवर ७.१ मेगाहर्ट्झला जवळपास १५ − j४०० दिसतो. पॉवर येणार आहे ५० ओहमच्या केबलमधून. आधी सिरीजमध्ये ९ मायक्रोहेन्रीची कॉइल घालून ते ४०० मारायचे, मग उरलेला रेझिस्टन्स ५० ला न्यायचा.

इथेही ऋचाच्या २२ ओहमचंच भूत आहे. माझी पहिली कॉइल पीव्हीसी पाइपवर पातळ तारेची होती. क्यू समजा ५०, म्हणजे ४०० भागिले ५०, ८ ओहम कॉइलमध्ये. अँटेनाचे १५. पॉवरचा तिसरा हिस्सा कॉइल तापवण्यात गेला. आणि गंमत अशी की ट्यूनर एसडब्ल्यूआर एकास एक दाखवत होता, कारण त्याच्या दृष्टीने मॅच झालेलाच होता! मीटर खूष, पाइप मऊ. मग जाड तारेची मोठी कॉइल केली, क्यू २०० च्या आसपास, नुकसान १२ टक्क्यांवर आलं.

लष्करकर
@टेरेस_अँटेना, मग तुमच्या ट्रान्समीटरचा आउटपुट इम्पिडन्सही ५० आहे का? तो ५० असेल तर निम्मी पॉवर ट्रान्समीटरमध्ये जळायला हवी, आणि क्लास सीवाले तर ५० टक्क्यांहून जास्त एफिशियन्सी सांगतात.

टेरेस_अँटेना
हा प्रश्न हॅम लोकांत विचारू नका, धागा हजार प्रतिसादांवर जातो. माझं मत: ट्रान्समीटर हा रेखीव थेव्हेनिन सोर्स नाहीच. तो ५० ओहमच्या लोडसाठी डिझाइन केलेला असतो, म्हणजे त्या लोडवर ट्रान्झिस्टर त्याच्या व्होल्टेज आणि करंटच्या मर्यादेत सुखाने राहतो. याला कॉन्जुगेट मॅच म्हणायचं की नाही यावर जुनेजाणते लोक एकमेकांशी बोलेनासे झालेत.

तारयंत्र
मला ते तसं पटत नाही. टँक ट्यून करून आउटपुट कमाल केला की त्या बिंदूपाशी लोडमधल्या बारीक बदलांना तो कॉन्जुगेट मॅचसारखाच वागतो, मोजूनही बघता येतं. आत डिसिपेट करणारा ५० ओहमचा रेझिस्टर नाही, एवढंच. पण इथे नको, पोरीचा प्रयोग राहून जाईल.

अवांतर एकच, इंदूरचं म्हणून. आपल्या कॅटमध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा केंद्रात, इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं सिंक्रोट्रॉन आहे, तिथली आरएफ ५०५.८ मेगाहर्ट्झची. तिथे कॅव्हिटी हा लोड स्थिर नसतो. इलेक्ट्रॉनचा बीम पॉवर खातो, म्हणून अशा यंत्रांत कपलिंग बीम असताना मॅच व्हावं असं ठेवतात. बीम नसेल तेव्हा पॉवर परत फिरते, आणि सर्क्युलेटर ती डमी लोडकडे वळवतो, अ‍ॅम्प्लिफायरकडे जाऊ देत नाही. कोणत्या स्थितीसाठी मॅच करायचं हे ठरवावं लागतं, सगळ्या स्थितींना एकदम होत नाही.

ऋचा_इंदूर
थांबा, थांबा, मी आज बरंच मोजून आलेय.

१. High Z केलं. स्क्रीन १०, स्कोप १०.
२. कपॅसिटर काढून टाकला. आता पीक १६० ओहमच्या आसपास, २६ मिलीवॉट. मावशींच्या मॅग्निट्यूडच्या नियमाशी जुळतं.
३. कपॅसिटर परत लावून R ८० ला ठेवला आणि फ्रिक्वेन्सी बदलली. ५ किलोहर्ट्झला १५ च्या जवळ, २० किलोहर्ट्झलाही १५ च्या जवळ. दोन्हीकडे सारखंच का?

आणि एक विचित्र गोष्ट. सर म्हणाले मॅचला लोडवर निम्मा व्होल्टेज यायला हवा. मी प्रोब पूर्ण लोडवर लावला, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरच्या सांध्यापासून ग्राउंडपर्यंत. तिथे १० Vpp! मोकळ्या जनरेटरइतकेच, जणू लोड लावलाच नाही. सर म्हणाले म्हणजे मॅच नाही.

गणिती_मावशी
३ चं मी सांगते. दुप्पट फ्रिक्वेन्सीला कॉइलचे १३८ दुप्पट होऊन २७६, कपॅसिटरचे निम्मे ६९, उरले अधिक २०७. निम्म्या फ्रिक्वेन्सीला उलट: ६९ आणि २७६, उरले उणे २०७. सूत्रात वर्ग आहे, त्याला चिन्ह दिसत नाही.

तारयंत्र
व्होल्टेजचं मी घेतो. निम्म्याचा नियम सोर्स शुद्ध रेझिस्टन्सचा असतानाचा. रिअ‍ॅक्टन्स आला की कॉन्जुगेट मॅचला लोडच्या टोकांवरचा व्होल्टेज मोकळ्या व्होल्टेजच्या |Zs| भागिले 2Rs इतका. तुझा |Zs| साधारण १५९ आणि 2Rs साधारण १५८, म्हणून योगायोगाने जवळपास तेवढेच १०. कॉइल अजून मोठी घेतलीस तर तो १० च्या वर जाईल आणि सर आणखी चिडतील. आणि तिथल्या व्होल्टेजला करंटने गुणलंस तर ७९ येतील, ते मिलीवॉट नव्हेत, खरी पॉवर त्याच्या निम्मीच आहे.

निम्म्याची खूण वापरायचीच असेल तर एकट्या रेझिस्टन्सवर वापर, तिथे ती चालते. आणि पठारावर पीक शोधण्यापेक्षा कितीतरी नेमकी आहे. आधी फ्रिक्वेन्सी हळू फिरवून रेझिस्टन्सवरचा व्होल्टेज कमाल कर, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स खरंच शून्य झाला. मग बॉक्स फिरवत R वर बरोबर ५.०० Vpp आण. तो R म्हणजे वाटेतला बाकी सगळा रेझिस्टन्स. पॉवर तिथे सपाट असते, व्होल्टेज मात्र चढताच असतो, त्यामुळे एक-दोन ओहमचाही फरक कळतो.

लष्करकर
हे आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये घालतो. पोरं पीक शोधत तास घालवतात आणि शेवटी शेजारच्याचा ग्राफ उतरवतात.

ऋचा_इंदूर
केलं. कमाल १० किलोहर्ट्झच्या किंचित खाली सापडली (कपॅसिटरच्या टॉलरन्समुळे असेल?), आणि ५.०० व्होल्ट ७९ ओहमवर आले. ७२ वर नाही. पॉवर ३९.६.

५० + २२ = ७२. वरचे ७ कुणाचे?

वीजमंडळी
ब्रेडबोर्डचे. लूज कॉन्टॅक्ट. हे मी नक्की सांगतो.

लष्करकर
ब्रेडबोर्ड ७ ओहम नाही देणार, खूपच गंजलेला असला तरच. मला कपॅसिटरवर संशय आहे. पॉलिएस्टर असेल तर १० किलोहर्ट्झला एक टक्क्याच्या आसपास लॉस, १३८ चा एक टक्का, दीड ओहम धरा. साधा डिस्क सिरॅमिक असेल तर आणखी.

टेरेस_अँटेना
कॉइल. मल्टिमीटरने मोजलेले २२ डीसीचे आहेत. १० किलोहर्ट्झला फेराइट कोअरचा लॉस वर चढतो. आमच्या पाइपच्या कॉइलला कोअरच नव्हता, म्हणून फक्त तार बघावी लागली.

तारयंत्र
दोघंही बरोबर असू शकता, थोडं थोडं. जनरेटरचे ५० तरी ५० आहेत का, ते पण तपासलेलं नाही. ऋचा, कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही काढून जनरेटरवर सरळ बॉक्स लाव आणि ५.०० कुठे येतात ते बघ. ५२ ला आले तर दोन ओहम तिथेच सापडले. मग कपॅसिटर बदल, दुसऱ्या जातीचा लाव, आणि ७९ किती हलतो ते बघ. उरेल ते कॉइलच्या नावावर.

एक मात्र लक्षात घे. कपॅसिटरचा लॉस तू लोडच्या बाजूला धरलास तर तिथली पॉवरही लोडचीच. पण तुला एकट्या बॉक्समध्ये कमाल हवी असेल तर बॉक्सच्या दृष्टीने कपॅसिटरचा लॉसही सोर्समध्येच मोडतो. ७९ त्या दुसऱ्या हिशोबाचा आकडा आहे. रिपोर्टमध्ये रेष कुठे आखलीस ते लिही, नाहीतर व्हायवात तिथेच पकडतील.

ऋचा_इंदूर
जनरेटर ५०.५ ला आला. कपॅसिटर दोन्ही हिरवे, चपटे, लॅबच्या डब्यातले. दुसऱ्या जातीचे महाराणी रोडवरून आणावे लागतील, शनिवारी जाईन.

पोहेजिलेबी
शनिवारी सकाळी जाऊ नकोस, पार्किंग मिळत नाही. आणि राजवाड्याच्या बाजूने तर मुळीच नको.

सुरेल_सतीश
ऋचा, जाते आहेस तर माझ्यासाठीही एक कपॅसिटर आण. मॅचिंगसाठी नाही हो, पंख्याचा गेलाय. २.५ मायक्रोफॅरड.

वीजमंडळी
पंख्याचा घेताना ४४० व्होल्ट एसी लिहिलेलाच घे बेटा. तो लॅबच्या डब्यातला हिरवा चपटा पंख्याला नको.